पाच आणि पाच

रालित्साचा स्वभावच संशयी. बसमध्ये कुणी उठून जागा दिली, तरी आधी ती सीट हातानं चाचपून बघायची, ओली तर नाही ना म्हणून. फुकट मिळालेल्या गोष्टीत काहीतरी खोट असणारच, असं तिचं ठाम मत होतं. त्यामुळे खोलीतल्या मैत्रिणीनं, त्स्वेतानं परीक्षेत पाठीमागे रेलून हळूच उत्तर सांगितलं आणि तिनं ते एका शब्दानंही न विचारता लिहून टाकलं, याचं तिला स्वतःलाच पुढे नवल वाटलं. पण गळ्यापर्यंत पाणी आलं की माणूस दोरी कुणाची ते बघत नाही.

पाणी गळ्यापर्यंत आलंच होतं. जूनची परीक्षा, विषय रेषीय बीजगणित, आणि सहापैकी निदान तीन गुण मिळाले नाहीत तर सरळ नापास. नापासाला दोन. तो दोन मिळाला की वर्षाची सरासरी घसरणार, आणि जुलैत वसतिगृहाच्या खोल्या वाटतात त्या सरासरीवरच. प्लोव्हदिवमध्ये बाहेर खोली घेऊन राहणं रालित्साच्या घरच्यांना झेपणारं नव्हतं. खाट गेली की गाशा गुंडाळून सेव्हलिएवोला आईकडे परत, इतका सरळ हिशोब होता.

आणि त्याच खाटेवर त्स्वेताच्या चुलत बहिणीचा डोळा होता. मुलगी यंदा कॉलेजात येणार होती. काकू दर रविवारी फोन करून विचारायची, "तुमच्या खोलीत जमेल का गं काही?" फोन आला की त्स्वेता बाहेर गॅलरीत जाऊन बोलायची. बाहेर जाऊन कशाला? आत बोलायला काय झालं होतं? रालित्सानं हे विचारलं कधीच नाही. मनात मात्र नीट घडी घालून ठेवून दिलं.

त्या सकाळी दोघी खोलीतून निघताना त्स्वेतानं मुद्दाम पुढे होऊन उंबऱ्यावर पेलाभर पाणी सांडलं आणि म्हणाली, "ओलांड. सगळं पाण्यासारखं सुरळीत जाऊ दे."

"आजीबाईंचं काम करतेस," रालित्सा म्हणाली, पण पाणी ओलांडून गेली. असल्या बाबतीत ती संशयी असली तरी वेडी नव्हती.

लेखी परीक्षेत असिस्टंटनं नेहमीसारखेच दोन गट पाडले. शेजारच्या रांगेला वेगळा प्रश्न, मागच्या-पुढच्यांना एकच. त्यामुळे या परीक्षेत शेजाऱ्याकडे बघण्यात अर्थ नसतो, पुढच्याची पाठ काय ती उपयोगाची. रालित्साच्या पुढे त्स्वेता.

प्रश्न साधा होता. दोन बाय दोनचं मॅट्रिक्स, वरच्या ओळीत दोन आणि एक, खालच्या ओळीत एक आणि दोन. त्याचे आयगेनव्हेक्टर काढा. रालित्साला कृती तोंडपाठ होती, जशी एखाद्याला परक्या भाषेतली प्रार्थना पाठ असते. कर्णावरच्या आकड्यांतून लॅम्डा वजा करा, डिटरमिनंट शून्याशी मांडा, मुळं काढा. मुळं आली तीन आणि एक. इथवर गाडी रुळावर होती. मग तीन घालून समीकरणं मांडली, तर पहिलं म्हणालं, एक्स बरोबर वाय. दुसरं म्हणालं, एक्स बरोबर वाय. एकातून दुसरं वजा केलं, उरलं शून्य बरोबर शून्य.

ती थिजली. आकडा कुठे गेला? तिनं सगळं पुन्हा केलं. पुन्हा शून्य बरोबर शून्य. वर्षभर हेच व्हायचं. शेवटच्या पायरीवर उत्तर हातातून निसटायचं आणि तिला वाटायचं, आपण वाटेत कुठेतरी चुकलो. सोडवून दाखवताना कोवाचेवा बाई फळ्यावर "म्हणून घ्या एक, एक" म्हणत, आणि रालित्सा लिहून घेई. हे एक कुठून घेतलं, हे विचारायची तिची छाती कधी झाली नाही.

तिचा उसासा पुढे ऐकू गेला असावा. असिस्टंट खिडकीशी गेला तशी त्स्वेता मागे रेलली आणि ओठ न हलवता म्हणाली, "पाच, पाच. दुसरा, उणे दोन, दोन."

रालित्सानं लिहिलं. पाच, पाच. उणे दोन, दोन. आणि पेपर देऊन टाकला.

दुपारी तोंडी होती. मधल्या वेळात सगळे खालच्या मजल्यावरच्या कॉफीच्या मशीनपाशी जमले, कारण या देशात पेपर संपतो तो मशीनपाशी, वर्गात नाही. कुणाचं काय आलं याची तिथे मोठ्यानं चर्चा चालते. एक दाढीवाला मुलगा त्स्वेताला म्हणाला, "तुझं काय आलं गं? तीनचा व्हेक्टर?"

"एक, एक," त्स्वेता म्हणाली. "आणि दुसरा एक, उणे एक."

"हां, माझंही तेच. वाचलो बाबा!"

रालित्साच्या हातातला कागदी पेला वाकला आणि कॉफी मनगटावर आली. एक, एक? मग मला पाच, पाच कशाला? स्वतःच्या पेपरात एक आणि माझ्या कानात दुसरंच? तिच्या मनातल्या साऱ्या घड्या एकदम उलगडल्या. गॅलरीतले फोन. काकू. चुलत बहीण. काल रात्री "तू झोप आता, पुरे झाला अभ्यास" म्हणून दिवा मालवला, तोही हिनंच. आणि सकाळी ते पाणी! किती गोड बोलून माणूस आपला काटा काढतो!

"त्स्वेता," ती म्हणाली, "मला काय सांगितलंस तू?"

त्स्वेताचा चेहरा पडला. तिनं रालित्साच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि भराभर म्हणाली, "राली, गप्प बस. नंतर."

"नंतर कशाला? मला मुद्दाम चुकीचं सांगितलंस ना? खाट पाहिजे ना तुझ्या बहिणीला? सरळ सांगायचंस, मी स्वतः बोचकं बांधून गेले असते!"

"अगं ए, तोंड आवर," दाढीवाला कुजबुजला.

तेव्हा कुठे रालित्सानं मागे वळून पाहिलं. तिथे असिस्टंट उभा होता. हातात नाणं, मशीनकडे बघत, अगदी काही ऐकलंच नाही अशा थाटात. त्यानं आपली कॉफी घेतली, साखर ढवळली आणि जिन्यानं वर गेला.

त्स्वेता पांढरीफटक पडली होती. "तुला काय केलंस ते कळतंय का?" एवढंच ती म्हणाली आणि अंगणात निघून गेली. रालित्साला त्यातही चोराच्या उलट्या बोंबाच दिसल्या.

तोंडी परीक्षेला आडनावांच्या क्रमानं बोलावत. रालित्साचा नंबर आधी होता. कोवाचेवा बाई टेबलाशी बसल्या होत्या, समोर पेपरांचा गठ्ठा. साठी जवळ आलेली, केस आखूड कापलेली, आणि कुणाच्याही उत्तरावर आधी डोळे बारीक करणारी ही बाई. कुणाचं चांगलं उत्तर आलं की बाईंना जास्तच वाईट वाटतं, असं पोरं म्हणत. रालित्सा आत जाताना एकच ठरवून गेली होती. बाईंनी काही विचारलं तर सरळ नाव घ्यायचं. आपण बुडणारच आहोत, मग एकटीनंच का बुडायचं?

"बस," बाई म्हणाल्या. त्यांनी तिचा पेपर सरकवला. "हे लॅम्डा तुझे. ही समीकरणं तुझी. हे शून्य बरोबर शून्य, दोनदा खोडलेलं, तेही तुझंच. आणि मग हे पाच, पाच. हे कुठून पडलं? आकाशातून?"

रालित्सानं पेपर जरा आपल्याकडे ओढला.

"लोक एक घेतात," बाई म्हणाल्या. "पाच कोण घेतं? ज्याला हा विषय कळलाय तो गंमत म्हणून घेतो. नाहीतर ज्याला काही लपवायचंय तो घेतो. तू कुठली?"

"बाई, ते उत्तर चूक आहे हे मला माहीत आहे," रालित्सा म्हणाली. "पण त्यात माझा दोष नाही. ते मला..."

"चूक?" बाईंनी हात वर केला. "कोण म्हणालं चूक? ऊठ. फळ्यावर जा. हे मॅट्रिक्स काय करतं ते दाखव मला. कृती नको. काय करतं ते."

"काय करतं म्हणजे?"

"एक बाण दे त्याला. आडवा, एक लांबीचा. तो कुठे जातो?"

रालित्सानं अक्ष काढले. आडवा बाण, एक आणि शून्य. गुणाकार तिला येत होता. "दोन, एक," ती म्हणाली, आणि तो नवा बाण काढला. आडवा होता तो वर कलला. उभा बाण, शून्य आणि एक, गेला एक, दोनवर. उभा होता तो उजवीकडे झुकला. दोघं एकमेकांकडे झुकल्यासारखे दिसत होते.

"आणखी दे," बाई म्हणाल्या. आवाजात अजून तीच शंका.

तिनं दोन, एक दिला. तो पाच, चारवर गेला. हाही कलला, तिरप्या रेषेकडे. तिनं एक, दोन दिला. चार, पाच. हाही वळला, त्याच तिरप्या रेषेकडे, पलीकडच्या बाजूनं. फळ्यावरचे सगळे बाण कुणीतरी दोन कोपऱ्यांना धरून ओढल्यासारखे कलत होते. रालित्साचा खडू थांबला.

हे तिनं पाहिलं होतं. फळ्यावर नव्हे, आईच्या कारखान्यात. आई विणलेल्या कापडाची तपासणी करते. चौकोनी तुकडा घ्यायचा, समोरासमोरचे दोन कोपरे चिमटीत धरायचे आणि ताणायचा. चौकोनाचा पतंग होतो. सगळे टाके कलतात, आडवे उभ्याकडे, उभे आडव्याकडे. लहानपणी आई म्हणायची, "बघ, कुठला धागा वाकडा होत नाही?" आणि रालित्सा बोट ठेवायची, ज्या रेषेत ताण आहे त्या रेषेवर. ती रेघ लांब होते, पण वळत नाही. आणि तिला काटकोनात जाणारी दुसरी. तीही वळत नाही, कापडात थोडी आखडते तेवढंच.

तिनं हळूच एक, एकचा बाण काढला. तो तीन, तीनवर गेला. त्याच रेषेत, तिप्पट लांब. मग एक, उणे एक. तो होता तिथेच राहिला. न वाढला, न आखडला. तीन आणि एक. लॅम्डा तीन आणि एक! हे आकडे म्हणजे ताण होता. किती पट ते. आणि आयगेनव्हेक्टर म्हणजे ज्यांना हा सगळा ओढाताणीचा धिंगाणा आपल्या दिशेवरून हलवू शकत नाही ते. वर्षभर तिनं हे शोधलं होतं आणि शोधत होती आकडा! आकडा नव्हताच. दिशा होती. म्हणून तर शून्य बरोबर शून्य. एक्स बरोबर वाय हीच ती अख्खी रेषा, आणि तिच्यावरचा कुठलाही बाण चालतो.

कुठलाही.

तिनं पाच, पाच दिला. पंधरा, पंधरा. त्याच रेषेत, तिप्पट. उणे दोन, दोन दिला. उणे दोन, दोन. हलला नाही.

"बरोबर आहे," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "पाच, पाच बरोबर आहे. शून्य सोडून काहीही घेतलं तरी बरोबर आहे."

"हो," बाई म्हणाल्या. "आता कळलं तुला. आत्ता. माझ्या डोळ्यांदेखत."

पण रालित्साला त्याहून मोठी गोष्ट कळली होती. त्स्वेतानं खोटं सांगितलं नव्हतं. मागच्या-पुढच्या दोन पेपरांत एकच आकडे दिसू नयेत म्हणून तिनं आपले व्हेक्टर मनातल्या मनात गुणून दिले होते. एकाला पाचनं, दुसऱ्याला उणे दोननं. दोघींना वाचवायला. आणि आपण चारचौघांत, असिस्टंटसमोर, तिच्या तोंडावर काळिमा फासून आलो. लाजेनं तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते बाहीनं खसाखसा पुसले.

"मग एवढंच सांग," बाई म्हणाल्या आणि गठ्ठ्यातून दुसरा पेपर काढून तिच्या पेपराशेजारी ठेवला. "तुझ्यापुढे बसलेल्या मुलीच्या पेपरात एक, एक आहे. सगळी रीत नीट. तुझ्यात पाच, पाच आहे. बाहेरच्या माणसाला ही दोन उत्तरं वाटतील. मला एकच दिसतं. त्यात मशीनपाशी तू आरडाओरडा केलास म्हणतात. हे ताणलं कुणी?"

नाव घ्यायचं ठरवून आलेली रालित्सा म्हणाली, "मी. मी पुढे वाकून तिचा पेपर पाहिला आणि गुणलं. तिला माहीतच नाही."

बाईंनी डोळे बारीक केले. "तू पाचनं गुणलंस."

"हो."

"मग आत्ता पंधरा, पंधरा आलं तेव्हा भूत पाहिल्यासारखी का उभी राहिलीस?"

खोटं बोलायचं तर निदान कळायच्या आधी तरी बोलावं. तिनं मान खाली घातली, पण त्स्वेताचं नाव घेतलं नाही.

बाईंनी पेन उचललं. मग म्हणाल्या, "पाव फेरा फिरवणारं मॅट्रिक्स. प्रत्येक बाण काटकोनात वळतो. त्यात कुठली दिशा टिकते?"

"कुठलीच नाही," रालित्सा लगेच म्हणाली. "सगळेच वळतात. वास्तव संख्यांत तरी एकही नाही."

"फळ्यावरचं तुझं आहे, पेपर तुझा नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी दोन लिहिला. त्यांना आनंद झालेला दिसला नाही. "सप्टेंबरमध्ये ये. मला वाटतं, पास होशील. पुढच्या मुलीला पाठव."

बाहेर त्स्वेता दाराला टेकून उभी होती. रालित्सानं तोंड उघडलं, पण दार उघडंच होतं, आतून बाई बघत होत्या. ती नुसती बाजूला झाली. त्स्वेतानं तिच्या लाल झालेल्या डोळ्यांकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि आत गेली.

रालित्सा जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. काय काय बोलायचं ते मनात जुळवत होती. माफी मागायची, कापडाचं सांगायचं, ती रेषा कशी दिसली ते सांगायचं. त्स्वेताला ते आवडलं असतं. गेल्या हिवाळ्यात तीच तर डोकं आपटून सांगत होती, "अगं आकडा शोधू नकोस, बाण कुठे बघतोय ते बघ." तेव्हा रालित्साला वाटलं होतं, ही आपली हुशारी मिरवतेय. खोली गेली तर गेली, पण ही मैत्रीण जाता कामा नये, असं तिला अगदी तळमळून वाटलं.

त्स्वेता लवकरच बाहेर आली.

"किती?" रालित्सानं विचारलं.

"दोन."

"दोन? तुला? कसं शक्य आहे? तुझा पेपर तर..."

"बाईंनी एकच प्रश्न विचारला. पाचनं गुणायचं कुणाला सुचलं?" त्स्वेता पायरीवर बसली नाही, कठड्याशी उभी राहिली. "मी म्हटलं, मला. आपणहून कबूल केलं म्हणून डीनपर्यंत नेत नाहीत म्हणे. पण पेपर रद्द. दोघींचे."

"कबूल कशाला केलंस!" रालित्सा ओरडलीच. "मी नाव घेतलं नव्हतं! मी सांगितलं, मी पाहून लिहिलं, तुला माहीत नाही म्हणून!"

त्स्वेतानं कठड्यावरचा हात काढला.

"मशीनपाशी तुझं तोंड पाहिलं होतं मी," ती सावकाश म्हणाली. "त्या तोंडानं तू आत गेलीस. इतका वेळ होतीस. बाहेर आलीस तर डोळे सुजलेले. मी काय समजायचं? मला वाटलं, सांगून झालंय सगळं. मग उगाच खोटं कशाला बोला."

"मी शपथ घेते, त्स्वेता."

"आणि खाटेचं म्हणत होतीस ना," त्स्वेता म्हणाली, "काकूला मी मेमध्येच नाही सांगितलं. राली माझ्याबरोबर राहणार म्हटलं. त्यावरून ती बोलेनाशी झाली आहे. आता खोली तुलाही नाही, मलाही नाही."

रालित्सा रडायला लागली. लहान मुलासारखी, नाक पुसत. त्स्वेतानं पिशवीतून रुमाल काढून दिला, कारण ती तशी होती, पण तिच्याजवळ बसली नाही.

"खरंच सांगितलं नाहीस?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"खरंच."

त्स्वेतानं मान हलवली आणि पिशवी खांद्याला लावून जिना उतरू लागली. तिला पटलं की नाही, हे रालित्साला कळलं नाही. विचारायला तिला तोंडही नव्हतं. त्स्वेताच्या जागी ती स्वतः असती, तर तिनं यातल्या एका शब्दावरही विश्वास ठेवला नसता.